आफ्रिका फाटतेय म्हणतात, पण फाटते म्हणजे नक्की काय होतं?

नैरोबीकर_नमू · शनिवार, रात्री ९.१०

माहेरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. रस्ता मधोमध तुटलेला, खाली खोल घळ, काठावर माणसं उभी, आणि मागून एक भारदस्त आवाज सांगतोय की आफ्रिकेचे दोन तुकडे होताहेत, मध्ये महासागर येणार. काकूचा लगेच प्रश्न, "नमू, तुमचं घर कुठल्या तुकड्यावर?"

ती जागा माय माहियूजवळची आहे. नैवाशाला जाताना आम्ही त्याच बाजूने जातो. नैरोबी सोडल्यावर चहाचे मळे लागतात, थंडी वाजते, आणि एका वळणावर जमीनच संपते. तिथे मेंढीची कातडी विकणारे ओळीने बसलेले असतात. कठड्यापाशी उभं राहिलं की खूप खाली सपाट पिवळट मैदान आणि त्यात लोंगोनोटचा ज्वालामुखी दिसतो. पलीकडची भिंत हवा स्वच्छ असली तरच दिसते. आमचा ड्रायव्हर म्हणतो की ती घळ २०१८ च्या पावसाने पडली, भराव टाकला आणि रस्ता सुरू झाला, एवढंच.

माझा प्रश्न वेगळाच आहे. दरीत उतरून नैवाशाला पोचलं तरी मोबाइल १९०० मीटर उंची दाखवतो. म्हणजे महाबळेश्वरपेक्षा पाचशे मीटर वर! जी जमीन खचलीय ती इतकी उंच कशी? आणि तिथे समुद्र येणार तरी कुठून? जाणकारांनी सांगावं, पण शाळेच्या पुस्तकातलं चिकटवू नये, ते मुलीच्या अभ्यासात वाचून झालंय.

सुहास_पौड_रोड · शनिवार, रात्री ९.४५

सोपं आहे. पृथ्वीच्या पोटात चहा उकळतो तसं चाललेलं असतं. खालून तप्त मॅग्मा वर येतो, कवचाला धक्का देतो, कवच फुगतं आणि भाकरीसारखं फुटतं. त्या फुटीतून लाव्हा येतो आणि दोन्ही बाजू ढकलल्या जातात. म्हणून तुमची दरी उंच आहे, कारण ती फुगलेल्या भाकरीवर आहे. पन्नास लाख वर्षांत समुद्र. व्हिडिओत थोडी अतिशयोक्ती असेल, पण मूळ गोष्ट बरोबर आहे.

तुरटी · शनिवार, रात्री १०.०२

पन्नास लाख वर्षं म्हणजे आमच्या सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या आधी.

खडकवासी · रविवार, सकाळी ७.२०

नमूताई, तुमच्या ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा. आयुष्यभर हातोडी आणि होकायंत्र घेऊन हिंडलो, पण त्याने एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला मला पानभर लागलं असतं.

आधी ती घळ. त्या खोऱ्याच्या तळाशी ज्वालामुखीच्या राखेचे जाड थर आहेत. राख भुसभुशीत असते. मुसळधार पाऊस झाला की पाणी आत शिरतं, जमिनीखाली नळीसारखी वाट करून राख वाहून नेतं, आणि मग वरचं छत कोसळतं. एका रात्रीत भगदाड दिसतं, पण आतलं कोरकाम आधीपासून चाललेलं असतं. खरी ओढ बसून भेग उघडली असेल तर दोन्ही काठ फाटलेल्या कागदासारखे एकमेकांत बसायला हवेत. इथे बसत नाहीत, कारण मधला माल पाण्याबरोबर गेलाय. शिवाय जमीन एका झटक्यात काही मीटर सरकली असती तर भूकंपमापकांनी गोंधळ घातला असता. तसं काही नोंदलं गेलं नाही.

पण एक सांगतो. पाणी तिथूनच का शिरलं, खाली गाडली गेलेली एखादी जुनी भेग होती का, यावर तेव्हा भूशास्त्रज्ञांतच वाद झाला होता. माझ्या मते असावी. तरी ती भेग २०१८ साली उघडली असं म्हणायला आधार नाही. केनियात दरीच्या दोन बाजू वर्षाला तीनेक मिलिमीटरने दूर जातात. तुमचं नख महिन्याभरात वाढतं, तेवढं.

सुहासराव, तुमच्या भाकरीबद्दल दुपारी लिहितो. निम्मी बरोबर भाजली आहे.

रत्नांग्रीचो_बाबू · रविवार, सकाळी ९.१५

माफ करा, मध्येच विचारतो. आमच्याकडे राजापूरजवळ उन्हाळे गावात गरम पाण्याचे झरे आहेत. तिकडे दापोलीकडे उन्हवरे, वर वज्रेश्वरी, गणेशपुरी, सगळे एका रांगेत. म्हणजे कोकणाखालीपण अशीच भेग आहे ना? मी किनाऱ्याजवळ १२ गुंठे घ्यायचा विचार करतोय. टोकन द्यायचं आहे. भूगर्भाच्या दृष्टीने घेऊ की नको?

तुरटी · रविवार, सकाळी ९.२२

बाबू, आधी सातबारा बघा, भूगर्भ नंतर.

खडकवासी · रविवार, दुपारी ३.०५

बाबू, तुमचं शेवटी घेतो, कारण तुमचा प्रश्न वाटतो तितका भलता नाही.

आता भाकरी. खालून ऊब मिळते, जमीन वर उचलली जाते, हे खरं. पूर्व आफ्रिकेचं अख्खं पठार त्यामुळेच उंच आहे. पण "मॅग्मा ढकलतो म्हणून तुकडे दूर जातात" हे मला पटत नाही. खंडाखालचं थंड, टणक शिलावरण शंभर किलोमीटर किंवा त्याहूनही जाड असतं. ते नुसतं ओढून तोडायचं म्हटलं तर जेवढा जोर लागेल, त्याच्या काही पट कमी जोर पृथ्वीवर उपलब्ध आहे. हिशोब कसाही मांडा, जुनं थंड खंड ओढून तुटत नाही. मग ती फाटतात कशी?

लहानपणी पाथरवट काम करताना पाहिले असतील. मोठा काळा दगड घणाने फुटत नाही. तो आधी ओळीने भोकं पाडतो, त्यात पाचरी बसवतो आणि एकेक पाचर थोडी थोडी ठोकत जातो. ठण् ठण् आवाज हळूहळू बसका होतो, आणि अचानक दगड सरळ रेषेत उलगडतो. मॅग्मा ती पाचर आहे. खंडावर दोन्हीकडून ओढ आहे, पण ती तोडायला अपुरी आहे. अशा वेळी खालून आलेला वितळलेला खडक उभ्या चिरेत घुसतो, आतल्या दाबाने चीर उघडी धरतो आणि तिथेच थिजतो. म्हणजे डाइक. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी पठारावरून सरळ धावणारी काळी भिंत पाहिली असेल, तीच. खडक तोडायला जेवढी ओढ लागते तिच्यापेक्षा खूप कमी ओढीत डाइक घुसू शकते. वर तिच्या उष्णतेने आजूबाजूचा खडक मऊ होतो, आणि पुढची पाचर आणखी सोपी जाते.

यातला क्रम बघा. सुरुवातीला दरीच्या दोन्ही कडांना मोठे फॉल्ट, म्हणजे ज्यांच्यावरून खडक घसरतो अशा भेगा, तयार होतात आणि मधला भाग खाली सरकतो. तुम्ही ज्या कठड्यावर उभ्या होतात तो अशाच एका फॉल्टचा माथा. पुढे मॅग्मा वाढला की कडेचे फॉल्ट सुस्तावतात आणि सगळी हालचाल दरीच्या मधोमध, वीसेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात गोळा होते. इथिओपियातल्या खचदरीत हा बदल स्पष्ट दिसतो. कडेच्या उंच भिंती आता बऱ्याच शांत आहेत, तरुण भेगा आणि तरुण लाव्हा सगळा मध्ये. पुढे समुद्रतळ तयार झाला तर तो त्या मधल्या पट्ट्यात होईल, भिंतीपाशी नाही.

नैरोबीकर_नमू · रविवार, संध्याकाळी ५.४०

काका, पाचर कळली. पण उंचीचं राहिलंच. आणि ही पाचर घुसताना कुणी पाहिलीय का, की सगळा अंदाज?

उपग्रहवाली · रविवार, रात्री ११.३०

पाहिलीय! माझं रोजचं काम रडारच्या उपग्रहचित्रांचं आहे, आणि आमच्या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण दाखवतात.

जागा इथिओपियाच्या ईशान्य भागातलं अफारचं वाळवंट, दब्बाहू ज्वालामुखीजवळ. सप्टेंबर २००५. १४ तारखेपासून भूकंपांची माळ सुरू झाली. २६ तारखेला दा'उरे नावाच्या ठिकाणी जमीन फाटून राख उडाली. गुरं राखणाऱ्या लोकांनी सांगितलं की पुढचे तीन दिवस आकाश काळवंडलेलं होतं. जिथे स्फोट झाला तिथे अर्धा किलोमीटर लांबीची घळ राहिली. तेवढंच पाहिलं असतं तर वाटलं असतं, छोटासा उद्रेक झाला आणि संपला.

पण वरून युरोपचा एन्व्हिसॅट उपग्रह जात होता. आधीचं आणि नंतरचं रडार चित्र एकावर एक ठेवलं की जमीन जिथे हलली तिथे रंगाच्या कड्या उमटतात. एक कडी म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २८ मिलिमीटरची हालचाल. कड्या मोजत जायचं, झालं. इथे पंचाईत अशी झाली की भेगेजवळ कड्या इतक्या दाट होत्या की मोजताच येईनात. मग चित्रातले ठिपके आधी कुठे होते आणि नंतर कुठे गेले, ते सरळ मोजावं लागलं. निघालं काय, तर ६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावर जमीन उघडली होती आणि सगळ्यात जास्त जिथे उघडली तिथे तब्बल ८ मीटर. तीन आठवड्यांच्या आत.

सुहास_पौड_रोड · सोमवार, सकाळी ८.०५

८ मीटर?! आणि खडकवासी तीन मिलिमीटर म्हणतात. मग व्हिडिओवाला काय चुकीचं बोलला?

उपग्रहवाली · सोमवार, दुपारी १.१०

दोन्ही खरं आहे, म्हणून तर ही गोष्ट मजेची. अफारमध्ये अरबस्तानची बाजू आफ्रिकेपासून वर्षाला साधारण १६ मिलिमीटरने सरकते, केनियापेक्षा बरीच जोरात. ८ मीटर भागिले १६ मिलिमीटर, उत्तर ५००. म्हणजे त्या ठिकाणी साधारण ५०० वर्षांची साचलेली ओढ एका डाइकने तीन आठवड्यांत वसूल केली. पगारातून महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकायचं आणि एकदम मुलीच्या लग्नात खर्च करायचं, तसं. त्या तीन आठवड्यांवरून वार्षिक वेग काढला तर अफार आज हिंदी महासागराएवढं झालं असतं.

आणि किती मॅग्मा लागला तेही बघा. लांबी ६० किलोमीटर, उभी खोली सुमारे ८ किलोमीटर, सरासरी रुंदी ५ मीटर धरा. गुणाकार येतो २.४ घन किलोमीटर. संशोधकांनी मोजमापांवरून काढलेला आकडा २.५ च्या आसपास आहे. यातला बाहेर आला तो नगण्य, बाकी सगळा आतच थिजला. सुहासदादांच्या "त्या फुटीतून लाव्हा येतो" यात हीच गडबड आहे. खरं काम न दिसणारा मॅग्मा करतो. पुढची पाच वर्षं, २०१० पर्यंत, त्याच पट्ट्यात आणखी डझनभर डाइक घुसल्या, सगळ्या पहिलीपेक्षा लहान.

वणीचा_वसंता · सोमवार, रात्री ८.५०

मी ३१ वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, वर्धा खोऱ्यात. वाचताना एक गोष्ट आठवली म्हणून लिहून राह्यलो.

आमच्याकडे कोळशाची शीर घेत पुढं जायचं आणि एकाएकी समोर नुसता दगड. कोळसा गायब. मग ओव्हरमन म्हणायचा, "फॉल्ट लागला." आता शीर वर गेली का खाली गेली हे शोधायचं. फॉल्टच्या घासलेल्या अंगावर हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत लागते, आन् त्यावर घसरण्याचे ओरखडे असतात. त्यावरून जुने लोक सांगायचे, इतके फूट खाली बघा. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. सर्व्हेवाले साहेब सांगत की हा सगळा पट्टा, वणी, बल्लारपूर, खाली गोदावरीपर्यंत, पुरानी खचदरीच हाय. दोन बाजूचे दगड जुने, मधात जमीन खचत गेली, तिच्यात नद्यांनी गाळ आन् झाडं आणून टाकली, त्याचा कोळसा झाला.

मंग मला सांगा, आमच्या चंद्रपुरात समुद्र काहून नाही आला?

खडकवासी · सोमवार, रात्री १०.२०

वसंतराव, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा.

साहेबांनी बरोबर सांगितलं. प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही खरीखुरी खचदरी. कोट्यवधी वर्षं खचत राहिली आणि त्यात काही किलोमीटर जाडीचा गाळ भरला. पण ती फाटली नाही. पूर्व आफ्रिकेचा विषय निघाला की लोक धरून चालतात की खचदरी म्हणजे उद्याचा महासागर. प्रत्यक्षात अशा कितीतरी दऱ्या अर्ध्यावर थांबल्या. उत्तर अमेरिकेच्या पोटात सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीची एक प्रचंड खचदरी आहे. तिच्यात लाव्हा भरपूर आला, तरी ती थांबली.

थांबण्याची कारणं दोन-तीन असू शकतात. ओढणारा जोर दुसरीकडे वळला, शेजारची एखादी भेग पुढे निघून गेली आणि सगळी ओढ तिने घेतली, किंवा पाचर मारायला मॅग्माच पुरेसा आला नाही. तुमच्या कोळशाच्या थरांमध्ये लाव्हा सापडत नाही, गाळच गाळ. माझा कल तिसऱ्या कारणाकडे आहे, पण पैज लावणार नाही, कारण अमेरिकेतल्या दरीने मॅग्मा असूनही मान टाकलीच.

तीन भेगा एका बिंदूत मिळतात तिथे हे छान दिसतं. अफारमध्ये तांबडा समुद्र, एडनचं आखात आणि नमूताईंची दरी अशा तिघी मिळतात. पहिल्या दोघींमध्ये समुद्र आला. एडनच्या आखातात तर पावणेदोन कोटी वर्षांपासून खरा सागरी तळ तयार होतोय. तिसरी मागे रेंगाळली आहे, सर्वात हळू. ती तुमच्या गोदावरीच्या वाटेने गेली तर मला नवल वाटणार नाही.

नैरोबीकर_नमू · मंगळवार, सकाळी ७.००

अरे देवा, म्हणजे काकूला काय सांगू? आणि उंची, काका, उंची!

खडकवासी · मंगळवार, सकाळी ११.४५

उंची. तुमच्याच देशात राहून सोडवू.

नैवाशा सरोवर सुमारे १८८० मीटरवर. त्याच खचदरीत उत्तरेला तुर्काना सरोवर, ते ३६० मीटरवर. दरी एकच, फरक दीड किलोमीटरचा. १९८० च्या दशकात आणि १९९० च्या सुमारास तिथे स्फोट करून, त्यांच्या लहरी जमिनीतून जायला किती वेळ घेतात हे मोजलं गेलं. त्यावरून कळलं की नैवाशाखाली कवच सुमारे ३५ किलोमीटर जाड आहे आणि तुर्कानाखाली जेमतेम २०.

आता पाण्यावर तरंगणारा ओंडका डोळ्यांपुढे आणा. जाड ओंडका पाण्याबाहेर जास्त डोकावतो, पातळ फळी कमी. कवच हलकं, घनता २.८. खालचं प्रावरण जड, ३.३. कवच एक किलोमीटरने पातळ झालं की माथा साधारण १५० मीटरने खाली जातो. कवच १५ किलोमीटरने पातळ झालंय, म्हणजे घसरण सव्वादोन किलोमीटर यायला हवी. प्रत्यक्षात दीडच दिसते. उरलेली कुठे गेली? तुर्कानाच्या तळाशी गाळ आणि लाव्हा भरलाय, त्याने खड्डा बुजवला. शिवाय खालची ऊब दोन्ही ठिकाणी अगदी सारखीच असेल असं नाही.

म्हणजे नैवाशा उंच आहे याचं एक कारण सुहासरावांची ऊब, आणि दुसरं कारण असं की तिथे कवच अजून फारसं ताणलेलंच नाही. दरी खचलेली दिसते ती बाजूच्या पठाराच्या मानाने. समुद्र यायचा तर आधी कवच आणखी पंधरा-वीस किलोमीटर झिजलं पाहिजे. तुर्कानाला ते पातळ होण्यात आत्ताच्या दरीचं सगळं श्रेय नाही बरं का. तिथे डायनोसॉरच्या काळातली एक जुनी खचदरी आडवी जाते, तिने आधीच कवच पातळ करून ठेवलं होतं.

उपग्रहवाली · मंगळवार, रात्री १०.१५

नमू, समुद्र कुठून येणार याचं उत्तर अफारच्या उत्तर टोकाला तयार पडलंय. दनाकिलचं मैदान समुद्रसपाटीपासून १२० मीटर खाली आहे. तिथे उंट मिठाच्या लाद्या वाहून नेतात. ती लादी कुऱ्हाडीने कापून काढतात, फरशीसारखी चौकोनी. त्याखाली मीठच मीठ, एक किलोमीटरहून जास्त जाडीचं. आणि मैदानाच्या कडेला, भर वाळवंटात, प्रवाळाचे खडक उभे आहेत. आपण कोकणात शिंपले वेचतो तसे तिथे उन्हात पांढरे पडलेले समुद्री शिंपले मिळतात. सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी तांबडा समुद्र तिथे आत आला होता. मग वाट बंद झाली आणि पाणी उन्हात आटलं. आजही मध्ये अडसर आहे तो ज्वालामुखीच्या खडकांचा आणि जेमतेम उंचवट्याचा.

म्हणून पाणी येणं आणि महासागर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी उद्या आलं तरी खाली ताणलेलं खंडच असेल. खरा सागरी तळ सहा-सात किलोमीटर जाडीचा, सगळा नव्या बेसाल्टचा. तो असला की चुंबकीय नोंदीत दोन्ही बाजूंना जुळे पट्टे दिसतात. दक्षिण तांबड्या समुद्राच्या मध्यावर तसे पट्टे आहेत, गेल्या पन्नासेक लाख वर्षांतले. दनाकिलखाली कवच अजून पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्याला खंड म्हणायचं की समुद्रतळ, यावर आमच्या विभागात जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात. जुन्या खडकापेक्षा घुसलेल्या डाइकच जास्त झाल्या असतील, तर नाव काय द्यायचं?

सुहास_पौड_रोड · बुधवार, सकाळी ८.३०

माझी भाकरी करपली हे मान्य. पण एक सांगा. ओढ, ओढ म्हणताय, ती ओढतंय कोण? खालून तप्त खडकाचा मोठा ऊर्ध्वप्रवाह आहे हे तर तुमचे लोकच म्हणतात. इथिओपियात ३ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे पूर आले, आणि तांबडा समुद्र फाटायला सुरुवातही तेव्हाच झाली. हा योगायोग कसा?

खडकवासी · बुधवार, दुपारी १२.१०

योगायोग नाही, आणि भाकरी पूर्ण करपलेली पण नाही. अरबस्तानची उत्तरेकडची कड इराणखाली बुडत होती. बुडणारी थंड, जड पाटी मागच्याला खेचते, ओल्या चादरीचं एक टोक पलंगावरून घसरलं की उरलेली चादर घसरते तसं. ती ओढ आधीपासून होती. खालून ऊब आली, पाचरी मिळाल्या, आणि नेमकं तिथे फाटलं. नमूताईंच्या दरीच्या पूर्वेला मात्र असं खेचणारं कुणीच नाही. तिथे उंच पठार स्वतःच्या वजनाने बाजूला पसरतं ती ओढ आहे, आणि प्रावरणाचा प्रवाह खालून किती घासून नेतो यावर एकमत नाही. मी पाचर-पंथी, तुम्ही भाकरी-पंथी. आपल्या दोघांच्याही बाजूने पेपर छापून येतात.

बाबू, आता तुमचं. कोकण ही पुढे गेलेल्या खचदरीची कड आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा आला, आणि त्यानंतर तीसेक लाख वर्षांत सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला. आज तो मुंबईपासून तीन हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि तिथल्या काही बेटांवर दख्खनच्याच काळातले ज्वालामुखीचे खडक आहेत. घाटमाथ्यावर आडवे असलेले लाव्ह्याचे थर पनवेलच्या बाजूला पश्चिमेकडे कलतात. किनाऱ्याला समांतर डाइक भरपूर आहेत. पाचरीच त्या. कड थंड होत गेली तशी बुडत गेली, आणि बुडालेल्या बेसाल्टवर गाळ आणि चुनखडी साचली. मुंबई हायचं तेल तिथलंच.

पण ही गोष्ट संपलेली आहे. आता फाटण्याची जागा अरबी समुद्राच्या पलीकडे, कार्ल्सबर्ग रिज नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर आहे. तुमचे झरे गरम आहेत ते पावसाचं पाणी जुन्या चिरांतून खोल जाऊन तापून वर येतं म्हणून. खाली मॅग्मा नाही.

रत्नांग्रीचो_बाबू · बुधवार, दुपारी १२.३२

म्हणजे घेऊ?

खडकवासी · बुधवार, दुपारी १२.४०

भरतीची रेषा आणि सीआरझेड बघा. खचदरीच्या नावाने भाव पाडून मागा हवा तर.

घाटवाट_भटक्या · बुधवार, संध्याकाळी ७.१५

काका, मग सह्याद्रीचा कडा म्हणजे नमूताईंच्या कठड्यासारखाच फॉल्ट ना? कोकणकड्यावर उभं राहिलं की असंच वाटतं, निम्मी जमीन तोडून नेली.

खडकवासी · बुधवार, रात्री ९.००

वाटतं खरं, मीही तरुणपणी तसंच लिहिलं होतं. पण कड्याच्या पायथ्याशी फॉल्ट दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. वरच्या कड्यातले लाव्ह्याचे थर खाली कोकणात उतरताना तुटलेले, वसंतराव सांगतात तसे खाली सरकलेले, आढळत नाहीत. कडा मुळात किनाऱ्याजवळ कुठेतरी असावा आणि नद्यांनी तो पूर्वेकडे खात खात आणला असावा. नक्की कुठून निघाला आणि किती वेगाने मागे हटला, यावर वाद चालू आहे.

नैरोबीकर_नमू · गुरुवार, सकाळी ६.५०

काकूला कळवलं की आमचं घर पश्चिमेच्या तुकड्यावर नाही, दरीच्या पूर्वेला आहे, म्हणजे भारताच्या बाजूला. ती खूश.

शनिवारी नैवाशाला जातोय. वसंतकाका, फॉल्टचा गुळगुळीत दगड रस्त्याच्या कडेला कापलेल्या दरडीत दिसेल का? ओरखडे कुठल्या दिशेला असतील?

वणीचा_वसंता · गुरुवार, सकाळी ७.३५

दिसू शकते. दगड सांधला नसला तर चमकते, कोन बदलून बघा. पोरीला म्हणा बोट फिरव. वरून खाली फिरवलं की एका दिशेनं मऊ लागते, उलट्या दिशेनं अडकते. बहुतेक वेळा मऊ लागते तिकडंच समोरचा दगड गेला असतो, पण नेहमीच खरं निघत नाही. फोटो टाका.

आन् दरडीखाली जास्त वेळ उभं राहू नका.